गुडघ्याच्या झिजेवर साळई आणि एमएसएम: चाचण्या, मात्रा आणि पोटाचा त्रास समजून घेऊन कसे घ्यावे

माझ्या आईचे वय 67. दोन्ही गुडघे झिजलेले, घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. दोन वर्षांपूर्वी तिच्यासाठी मी ओळखीतल्या एकांच्या सांगण्यावरून सांध्यांची एक संयुक्त गोळी आणली आणि शिवाय साळई या झाडाच्या डिंकाच्या अर्काच्या कॅप्सूलही सुरू केल्या. पाचव्या दिवशी तिला जुलाब लागले आणि पुढचे नऊ दिवस ते थांबले नाहीत. कोणत्या घटकाने पोट बिघडवले हे मला सांगता येईना, कारण मी एकाच आठवड्यात चार गोष्टी तिच्या पोटात घातल्या होत्या. त्यानंतर सगळे बंद करून, तिच्या डॉक्टरांशी बोलून, एकेक घटक वेगळा घेऊन पाहिला आणि त्यासाठी मूळ चाचण्याही वाचल्या. साळई किंवा एमएसएम हे गंधकाचे संयुग पहिल्यांदाच घेऊ पाहणाऱ्यांना तो गोंधळ टाळता यावा म्हणून ही पद्धत क्रमाने लिहीत आहे. हे सर्व गुडघ्याच्या वयोमानाने होणाऱ्या झिजेपुरतेच आहे, कारण या दोन्ही घटकांच्या बऱ्यापैकी चाचण्या प्रामुख्याने त्याच दुखण्यावर झालेल्या आहेत.

1. आधी दुखणे झिजेचेच आहे याची खात्री करा

झिजेचे दुखणे साधारणपणे चालताना, जिना उतरताना किंवा मांडी घालून उठताना वाढते आणि बसल्यावर कमी होते. सकाळचा ताठरपणा असतो, पण तो बहुधा अर्ध्या तासात सुटतो. याउलट सकाळी तासाभराहून अधिक वेळ बोटे आखडलेली राहत असतील, हाताच्या लहान सांध्यांना सूज असेल, एखादा सांधा अचानक लाल आणि गरम झाला असेल, सोबत ताप असेल किंवा पडल्यानंतर दुखणे सुरू झाले असेल, तर हा लेख बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. आमवात, गाऊट किंवा सांध्यातला जंतुसंसर्ग यांत तीन महिने कॅप्सूल घेऊन वाट पाहणे म्हणजे सांधा गमावण्याची तयारी करणे होय.

2. सुरू करण्यापूर्वी हाताशी काय असावे

- सध्या चालू असलेल्या सर्व औषधांची यादी. तिच्यात रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाची औषधे आणि अधूनमधून घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्याही हव्यात.
- गुडघ्याचा एक्स-रे आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन व यकृतासाठी एसजीपीटी या रक्ततपासण्यांचे अलीकडचे अहवाल.
- विकत घेणार असलेल्या प्रत्येक डबीच्या मागच्या बाजूचा फोटो. पुढची बाजू जाहिरातीसाठी असते, मात्रेचा हिशेब मागच्या बाजूलाच सापडतो.
- एक वही.
- एमएसएमची पूड घेणार असाल, तर ग्रॅमचा दशांश दाखवणारा लहान काटा. चमच्याने घेतलेली पूड चमच्याच्या आकारानुसार आणि ती किती दाबून भरली त्यानुसार बरीच कमीजास्त होते.

औषधांची यादी डॉक्टरांना दाखवताना तीन गोष्टी आपणहून सांगाव्यात. वॉरफेरिन किंवा असेनोकूमारॉल ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर साळई सुरू केल्यावर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, वाढल्याच्या रुग्णनोंदी प्रसिद्ध झालेल्या आहेत. म्हणून आयएनआर तपासण्याची सोय आणि डॉक्टरांची संमती नसेल, तर साळई सुरूच करू नये. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी हे दोन्ही घटक टाळावेत. आणि पूर्वी पोटात व्रण किंवा रक्तस्राव झाला असेल, तर तो इतिहास किती जुना आहे हे न लपवता सांगावे.

3. चाचण्या काय सांगतात आणि कुठे कच्च्या आहेत

साळई, म्हणजे संस्कृतातली शल्लकी, हे मेळघाटात, सातपुड्यात आणि विदर्भ-खानदेशाच्या कोरड्या जंगलांत वाढणारे झाड आहे. त्याच्या सालीवर चीर दिली की पाझरणारा डिंक आपण धूप म्हणून जाळतो. त्याच डिंकातील बॉस्वेलिक आम्लांवर हे सगळे संशोधन आधारलेले आहे. या आम्लांपैकी एक, ज्याला लेबलांवर एकेबीए म्हणतात, शरीरातील 5-लायपॉक्सिजनेज नावाच्या एन्झाइमला अडवते आणि त्यामुळे सूज वाढवणारी ल्युकोट्राइन ही रसायने कमी तयार होतात. डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या वेगळ्या एन्झाइमवर काम करतात. दोघांचा पोटावरचा परिणाम सारखा नसण्याचे हे एक कारण आहे.

पहिली उल्लेखनीय चाचणी आपल्याकडचीच, नागपूरची, 2003 साली प्रसिद्ध झालेली. तीत गुडघ्याच्या झिजेचे 30 रुग्ण होते. पंधरा जणांना आधी साळईचा अर्क आणि नंतर बिनऔषधी कॅप्सूल, तर उरलेल्या पंधरा जणांना उलट क्रमाने, प्रत्येकी आठ आठवडे. मात्रा होती 333 मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा. दुखणे आणि सूज कमी झाली, गुडघा अधिक वाकू लागला, चालण्याचे अंतर वाढले; एक्स-रेमध्ये मात्र काहीच फरक पडला नाही. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवावे, कारण कूर्चा पुन्हा वाढवतो असे सांगून कोणी साळई विकत असेल, तर त्याला या चाचणीचा आधार मिळत नाही.

या चाचणीत दोन कच्चे दुवे आहेत. एक म्हणजे तीस ही संख्याच फार लहान आहे. दुसरा थोडा बारीक आहे. दोन टप्प्यांच्या मध्ये औषधाचा परिणाम ओसरावा म्हणून 21 दिवसांची विश्रांती ठेवली होती. पुढे 2007 साली नागपूरच्याच दुसऱ्या चाचणीत, 66 रुग्णांमध्ये, साळईची तुलना वाल्डेकॉक्सिब या वेदनाशामकाशी केली गेली. वेदनाशामकाचा गुण लवकर आला, पण गोळी थांबवताच महिन्याभरात गेला. साळईचा गुण उशिरा आला आणि थांबवल्यानंतरही महिनाभर टिकून राहिला. गुण जर एवढा टिकत असेल, तर पहिल्या चाचणीतली 21 दिवसांची विश्रांती अपुरी पडली असण्याची शक्यता राहते, आणि मग बिनऔषधी टप्प्यातही मागच्या औषधाचा काही अंश उरलेला असू शकतो. दुसऱ्या चाचणीचीही मर्यादा आहे: कोण काय घेत आहे हे रुग्णाला आणि डॉक्टरांना, दोघांनाही ठाऊक होते आणि बिनऔषधी गट नव्हताच. तरीही तुमच्या-माझ्यासाठी तिच्यातून एक व्यवहारी गोष्ट निघते, ती म्हणजे साळईचा निवाडा पंधरा दिवसांत करू नये.

त्यानंतर आले समृद्ध अर्क, म्हणजे ज्यांत एकेबीएचे प्रमाण मुद्दाम 30 टक्क्यांपर्यंत वाढवलेले असते. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या, 75 रुग्णांवरील 90 दिवसांच्या चाचणीत असा अर्क रोज 100 किंवा 250 मिलिग्रॅम दिला गेला आणि दोन्ही मात्रांना बिनऔषधी गटापेक्षा गुण अधिक आला. मात्र या चाचणीत अर्क बनवणाऱ्या कंपनीचा सहभाग होता, आणि समृद्ध अर्कांच्या अनेक चाचण्यांची हीच गोष्ट आहे. म्हणून त्या खोट्या ठरत नाहीत, पण कंपनीशी संबंध नसलेल्या एखाद्या मोठ्या चाचणीने तोच निकाल दिला असता, तर मी या अर्कांवर आजच्यापेक्षा बराच अधिक विश्वास ठेवला असता.

कोक्रेन या आढावा घेणाऱ्या संस्थेने 2014 साली समृद्ध अर्काच्या दोन चाचण्या, एकूण 85 लोक, एकत्र पाहिल्या. 90 दिवसांनंतर शंभरपैकी दुखण्याचे गुण बिनऔषधी गटात सरासरी 40 होते आणि साळईच्या गटात त्याहून 17 ने कमी. खरा आकडा 8 ते 26 यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो असे त्यांनी नोंदवले. सतरा हा रुग्णाला जाणवेल असा फरक आहे. आठ असेल, तर जाणवेलच असे नाही. 2020 च्या आणखी एका आढाव्यात सात चाचण्या आणि 545 रुग्ण होते. त्याचाही कल साळईच्या बाजूने गेला आणि निदान चार आठवडे घ्यावी असे त्यात सुचवले होते.

एमएसएमची बाजू याहून दुबळी आहे. हे मिथाइलसल्फोनिलमिथेन, गंधकाचे एक साधे सेंद्रिय संयुग. 2006 साली अमेरिकेत 50 लोकांवर 12 आठवडे चाचणी झाली. मात्रा होती 3 ग्रॅम, दिवसातून दोन वेळा, म्हणजे रोज 6 ग्रॅम. दुखणे आणि हालचालीतली अडचण बिनऔषधी गटापेक्षा कमी झाली, ताठरपणात मात्र लक्षणीय फरक नव्हता. 2011 साली इस्राएलमध्ये 49 लोकांवर रोज 3.375 ग्रॅम देऊन पुन्हा 12 आठवडे पाहिले गेले. फरक पडला, पण तो इतका लहान होता की रुग्णाच्या रोजच्या जगण्यात त्याला अर्थ आहे का, हा प्रश्न संशोधकांनी स्वतःच मोकळा ठेवला. दोन्ही चाचण्या लहान आहेत आणि तीन महिन्यांच्या पुढचे काहीच सांगत नाहीत.

गुडघ्याच्या झिजेच्या चाचण्यांत बिनऔषधी कॅप्सूल घेणाऱ्यांनाही बऱ्यापैकी बरे वाटते, हेही ध्यानात असू द्यावे. माणूस औषध शोधायला निघतो तो दुखणे सर्वांत जास्त असताना, आणि असे दुखणे काही आठवड्यांत आपोआपही थोडे उतरते. शेजारच्या काकूंना गुण आला याचा अर्थ त्यामुळेच अनिश्चित राहतो, आणि आपल्या स्वतःच्या अनुभवाचाही. पुढच्या पायऱ्यांमध्ये वही आणि थांबवून पाहण्याचा महिना आहे तो याचसाठी.

4. डबी निवडताना मागची बाजू कशी वाचावी

साळईच्या नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात: डिंकाची नुसती पूड, साधा अर्क आणि समृद्ध अर्क. 500 मिलिग्रॅम पूड, 333 मिलिग्रॅम साधा अर्क आणि 100 मिलिग्रॅम समृद्ध अर्क यांची तुलना मिलिग्रॅमवरून करता येत नाही. लेबलवर ‘अर्क’ असा शब्द आहे का, आणि त्यात बॉस्वेलिक आम्ले किंवा एकेबीए किती टक्के आहेत, या दोन गोष्टी लिहिलेल्या नसतील, तर ती डबी मी घेत नाही. तुमची डबी कोणत्या चाचणीतल्या औषधाजवळ जाते हे त्यावरूनच कळते.

टक्केवारीतही एक फसवणूक लपलेली असते. ‘65 टक्के बॉस्वेलिक आम्ले’ हा आकडा बहुधा टायट्रेशन या जुन्या पद्धतीने काढलेला असतो. ही पद्धत डिंकातील सर्वच सेंद्रिय आम्ले मोजते. एचपीएलसी या अधिक नेमक्या पद्धतीने तोच अर्क तपासला, तर बॉस्वेलिक आम्लांचा आकडा बराच खाली येतो, कधी 40 च्या आसपासही. म्हणून आकड्यापुढे पद्धतीचे नाव शोधावे. ते नसेल, तर कंपनीला पत्र किंवा मेल पाठवून त्या बॅचचा तपासणी अहवाल मागावा. मी तीन कंपन्यांना लिहिले होते. एकीने अहवाल पाठवला आणि मी तिचीच डबी घेतली.

दुसरा सापळा नावाचा आहे. गुग्गुळ आणि साळई ही वेगवेगळी झाडे आहेत. योगराज गुग्गुळ किंवा सिंहनाद गुग्गुळ घेणाऱ्याने आपण शल्लकी घेत आहोत असे समजू नये. सिंहनाद गुग्गुळात एरंडेल असते आणि ते पोट सैल करते, तेव्हा तो चालू असताना साळई सुरू करून जुलाबाचा दोष साळईला देणे चूक ठरेल.

तिसरा सापळा संयुक्त गोळीचा आहे, आणि मी त्यातच अडकले होते. त्याविषयी सातव्या पायरीत सविस्तर लिहिते.

5. साळईची मात्रा आणि घेण्याची वेळ

साधा अर्क असेल, तर चाचण्यांतील रूढ मात्रा 333 मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा, म्हणजे रोज सुमारे एक ग्रॅम. तीन वेळा घेण्याचे कारण असे की ही आम्ले रक्तात फार वेळ टिकत नाहीत. काही तासांत त्यांचे प्रमाण निम्म्यावर येते. 30 टक्के एकेबीए असलेला समृद्ध अर्क असेल, तर रोज 100 मिलिग्रॅमपासून सुरुवात करावी. 250 मिलिग्रॅमची मात्राही वापरली गेली आहे, पण कोक्रेनच्या आढाव्यातील सतरा गुणांचा फरक 100 मिलिग्रॅमचाच आहे, तेव्हा पहिल्याच दिवशी मोठी मात्रा घेण्याची गरज मला दिसत नाही.

कॅप्सूल जेवणानंतर घ्यावी, आणि त्या जेवणात थोडे तेल-तूप असावे. बॉस्वेलिक आम्ले चरबीत विरघळतात. स्निग्ध जेवणासोबत घेतल्यावर रक्तातील त्यांचे प्रमाण उपाशीपोटी घेण्यापेक्षा कितीतरी पटींनी वाढल्याचे अभ्यासात दिसले आहे. मुद्दाम तळलेले खाण्याची गरज नाही. फोडणीची भाजी, तूप लावलेली पोळी किंवा शेंगदाण्याची चटणी असलेले नेहमीचे जेवण पुरेसे आहे. आई पूर्वी सकाळची कॅप्सूल कोऱ्या चहासोबत घेत असे. ती नाश्त्यानंतर सरकवली, तेव्हा तिला सकाळी जाणवणारी जळजळही गेली.

पहिले तीन दिवस दिवसातून एकदाच, पुढचे तीन दिवस दोनदा आणि त्यानंतर तीनदा, असे चढत जावे. ही पायरी चाचण्यांमधली नाही, माझ्या अनुभवातली आहे. पण पोट नाजूक असलेल्यांना तिचा उपयोग होतो.

6. एमएसएमची मात्रा

एमएसएम साळईसोबत सुरू करू नये. साळईचे निदान आठ आठवडे पूर्ण होऊन तिचा निकाल वहीत उतरल्यावरच त्याकडे वळावे.

चाचण्यांतील मात्रा रोज 3 ते 6 ग्रॅम आहे. सुरुवात मात्र रोज 1 ग्रॅमपासून करावी, दर चार-पाच दिवसांनी अर्धा ग्रॅम वाढवावा आणि 3 ग्रॅमवर थांबावे. ही मात्रा दोन किंवा तीन भागांत, जेवणानंतर घ्यावी. पूड चवीला कडवट असते. ती अर्ध्या पेल्या पाण्यात पूर्ण विरघळवून घेतल्यास पोटाला कमी टोचते. काही जणांना एमएसएममुळे झोप उशिरा लागते असे वाटते, म्हणून शेवटचा भाग संध्याकाळी सहाच्या आत घ्यावा. सहा ग्रॅमवर जाण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण तीन ग्रॅमवर काहीच न जाणवलेल्या माणसाला सहा ग्रॅमवर गुण येतो असे दाखवणारी चाचणी माझ्या वाचनात आलेली नाही, आणि पोट सैल होण्याची शक्यता मात्र मात्रेसोबत वाढते.

7. पोट बिघडले तर दोषी कोण, हे कसे ओळखावे

साळईचा त्रास बहुधा पोटाच्या वरच्या भागात जाणवतो: छातीत जळजळ, मळमळ, धुपासारख्या वासाचे ढेकर, क्वचित सैल शौच. उपाशीपोटी घेतल्यास तो अधिक होतो. एमएसएमचा त्रास अधिककरून खालच्या भागात, म्हणजे पोट फुगणे, गुडगुडणे आणि सैल शौच, शिवाय काहींना डोकेदुखी. चाचण्यांमध्ये हे त्रास बहुतांशी सौम्य होते आणि औषध थांबवल्यावर गेले.

आता आईची गोष्ट. आमच्या संयुक्त गोळीच्या मागे बारीक अक्षरांत तीन घटक होते: ग्लुकोसामाइन 750 मिलिग्रॅम, डायसेरिन 50 मिलिग्रॅम आणि एमएसएम 250 मिलिग्रॅम. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी, म्हणजे एमएसएम दिवसाला 500 मिलिग्रॅम. ज्या मात्रेच्या चाचण्या आपण वर पाहिल्या, तिच्या हे जेमतेम सातवा ते बारावा हिस्सा आहे. एवढ्याशा एमएसएमने नऊ दिवस जुलाब होणे मला पटेना. मग डायसेरिनविषयी वाचले. हा रेचक गुणधर्माच्या रसायनांच्या कुळातला घटक आहे, पातळ शौच हा त्याचा सर्वांत ठळक दुष्परिणाम आहे, आणि तीव्र जुलाबांच्या तक्रारींमुळेच युरोपच्या औषध नियामकाने 2014 साली त्याच्या वापरावर बंधने घालून 65 आणि त्याहून अधिक वयाच्या रुग्णांना तो देऊ नये असे सुचवले होते. आई तेव्हा 65 ची होती. तिची लघवी त्या दिवसांत गडद पिवळी झाली होती आणि आम्ही पाणी कमी पडले असेल असे समजलो होतो. तोही डायसेरिनचाच ज्ञात परिणाम आहे. पण गडद लघवी यकृताच्या त्रासातही होते, म्हणून तिचा अर्थ घरी लावू नये, डॉक्टरांना दाखवावी.

डॉक्टरांनी ती गोळी बंद केली आणि तीन दिवसांत पोट ताळ्यावर आले. दोन आठवडे काहीच न देता थांबलो. मग फक्त साळई सुरू केली. पहिल्या आठवड्यात थोडी जळजळ झाली, ती कॅप्सूल नाश्त्यानंतर सरकवल्यावर गेली, जुलाब एकदाही झाले नाहीत. म्हणजे साळई आणि एमएसएम या दोघांवर मी ठेवलेला आरोप तिसऱ्याचा होता.

यावरून पद्धत अशी ठरते. एका वेळी एकच घटक सुरू करावा आणि दोन नव्या गोष्टींमध्ये निदान दोन आठवड्यांचे अंतर ठेवावे. पोट बिघडल्यास मात्रा निम्मी करून तीन दिवस पाहावे. तरीही त्रास राहिला, तर पूर्ण थांबवावे. थांबवल्यावर आठवड्याच्या आत त्रास गेला नाही, तर कारण बहुधा दुसरे आहे आणि ते शोधायला हवे. मधुमेहाची मेटफॉर्मिन नुकतीच वाढवलेली असणे हे घरोघरी दिसणारे एक कारण आहे. आणि संयुक्त गोळी घेऊन एमएसएमची चाचणीतली मात्रा गाठण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. तीन ग्रॅमसाठी आमच्या गोळीच्या बारा गोळ्या लागल्या असत्या आणि त्यांच्यासोबत डायसेरिन 600 मिलिग्रॅम पोटात गेले असते, म्हणजे नेहमीच्या दिवसाच्या मात्रेच्या सहापट.

काही लक्षणांत मात्र मात्रा निम्मी करून पाहण्याचा वेळ नसतो. डांबरासारखी काळी शौच, शौचात किंवा उलटीत रक्त, डोळे पिवळे दिसणे, अंगावर पित्त उठून श्वास लागणे, किंवा जुलाबांनी लघवी कमी होऊन चक्कर येणे, यांपैकी काहीही झाले, तर सर्व थांबवून त्याच दिवशी रुग्णालयात जावे. काळ्या शौचाच्या बाबतीत एक गफलत नेहमी होते. डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या चालू असतात, रक्तस्राव त्यांच्यामुळे होत असतो, आणि घरचे लोक नव्याने सुरू केलेल्या आयुर्वेदिक कॅप्सूलला दोष देऊन तेवढीच बंद करतात. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण तो निर्णय घरी घ्यायचा नाही.

8. वहीतली नोंद आणि थांबवून पाहण्याचा महिना

सुरू करण्याआधी दोन आठवडे नुसती नोंद ठेवावी. रोज एकाच कामाच्या वेळचे दुखणे शून्य ते दहा या पट्टीवर लिहावे. काम नेहमीचे आणि टाळता न येणारे असावे. आईसाठी आम्ही सकाळी दूध आणायला जिना उतरणे हे निवडले. दुसऱ्या रकान्यात त्या दिवशी घेतलेल्या पॅरासिटामॉलच्या गोळ्या आणि तिसऱ्यात पोटाची अवस्था. गोळ्यांचा रकाना गाळू नये, कारण दुखणे तेवढेच राहून गोळ्या निम्म्या झाल्या, तरी तो गुणच असतो. डॉक्टरांनी दिलेली औषधे या काळात आपल्या मनाने बंद करू नयेत आणि गुडघ्याचा व्यायामही नव्याने सुरू करू नये. तो चालू असेल, तर तसाच ठेवावा. नाहीतर गुण कशाचा, हे पुन्हा कळेनासे होते.

आईच्या पहिल्या दोन आठवड्यांची सरासरी 6.2 होती आणि आठवड्याला नऊ गोळ्या लागत. साळईच्या पहिल्या तीन आठवड्यांत आकडे जवळपास हललेच नाहीत, आणि तिथेच ती कंटाळली होती. आठव्या आठवड्याची सरासरी 4.4 आली आणि गोळ्या चारवर आल्या. मग डॉक्टरांना विचारून साळई महिनाभर थांबवली. पहिले पंधरा दिवस फारसा फरक नव्हता, तिसऱ्या आठवड्यापासून आकडे चढू लागले आणि महिन्याच्या शेवटी 5.8 झाले. पुन्हा सुरू केल्यावर ते सहा आठवड्यांत खाली आले. एका माणसाच्या वहीने साळईचा गुण सिद्ध होत नाही. आईच्या बाबतीत ती चालू ठेवायला मात्र मला एवढे पुरेसे वाटते.

आठ आठवड्यांनी सरासरीत निदान एक-दीड गुणाचा फरक पडला नाही आणि गोळ्याही तेवढ्याच लागत असतील, तर साळई बंद करावी. बारा आठवड्यांच्या पुढे वाट पाहण्याला चाचण्यांचा आधार नाही. चालू ठेवणार असाल, तर दीर्घकाळाचे अभ्यास थोडे आहेत हे लक्षात घेऊन सहा महिन्यांनी क्रिएटिनिन आणि एसजीपीटी करून घ्यावे, आणि कोणतेही नवे औषध सुरू होताना साळईचे नाव यादीत असावे. गुडघ्यावर किंवा दातांवर शस्त्रक्रिया ठरली असेल, तर ती कधी थांबवायची हे शल्यचिकित्सकांनाच विचारावे.

साळई चालू असतानाच आईला एमएसएम रोज 3 ग्रॅम या मात्रेने बारा आठवडे दिले. सुरुवातीच्या आठवड्यात पोट फुगले, ते मात्रा सावकाश वाढवल्यावर गेले. सरासरी 4.5 वरून 4.3 झाली, गोळ्या चारच राहिल्या. डबी संपली आणि आम्ही दुसरी आणली नाही.